पैठण ते नाणेघाट: पाच दिवसांचे झाले तेरा

हस्तलिखित सातवाहन काळातल्या शोधयात्रेचं होतं. नायिका प्रतिष्ठानहून, म्हणजे आजच्या पैठणहून, एक मुद्रा घेऊन निघते. सोबत म्हातारा मामा आणि बैलगाडी. जुन्नरवरून नाणेघाट उतरून तिला कल्याणच्या बंदरात जहाज सुटण्याआधी पोचायचं आहे आणि मागे एक घोडेस्वार लागलेला आहे. भाषा चांगली, माणसंही जिवंत होती. पण संपादनाच्या टेबलावर पहिल्या वाचनातच एक वाक्य अडलं: "पाचव्या दिवशी सूर्य बुडताना गाडी घाटाच्या तोंडाशी आली आणि समोर पूर्ण चंद्र उगवला."

लेखकांना बोलावून घेतलं आणि दिवसभर नकाशा घेऊन बसलो. प्रवासाच्या कादंबरीत मी पहिलं काम हेच करतो. भाषेला हात नंतर.

नकाशा घेतला एक सेंटिमीटरला दहा किलोमीटर या मापाचा. त्यावर पट्टी ठेवून मोजायचं नाही. सुती दोरा ओला करून वाटेच्या वळणांवर बसवायचा, मग सरळ करून पट्टीवर धरायचा. पट्टीने पैठण-जुन्नर एकशे साठच्या आसपास भरतं, दोऱ्याने जवळपास दोनशे. सपाट मुलखातल्या जुन्या वाटेसाठी सरळ रेषेच्या सव्वापट हा माझा ठोकताळा आहे आणि इथे तो बरोबर बसला. जुन्नर ते घाटाचं तोंड आणखी तीस धरले. एकूण २३० किलोमीटर.

लेखकांनी मोबाइलवरच्या नकाशातून अंतरं घेतली होती. त्यात दोन अडचणी होत्या. एक म्हणजे तो नकाशा जुन्नरहून कल्याणला माळशेजच्या डांबरी रस्त्याने नेतो आणि नाणेघाटाची पायवाट त्याच्या हिशेबात नसते. दुसरी, पैठणच्या वरच्या अंगाला आज जायकवाडी धरणाचा नाथसागर पसरलेला आहे, म्हणून तिकडच्या आजच्या वाटा धरणानंतरच्या. त्या काळात पैठणच्या उत्तर काठावरून दक्षिणेला यायचं तर गोदावरी नावेने ओलांडणं आलं. गाडी, बैल, सामान, माणसं अशा खेपा धरल्या तर अर्धा दिवस तिथेच जातो. हस्तलिखितात नदी एका वाक्यात मागे पडली होती.

आता वेग. बैलगाडी ताशी तीन किलोमीटर चालते. सकाळी साडेतीन तास झाले की दुपारी गाडी सोडावीच लागते, कारण बैलांना चरायला आणि नंतर निवांत रवंथ करायला वेळ हवा. उन्हं कलल्यावर आणखी तीन तास. झाले वीस किलोमीटर. हा आकडा आजच्या अंदाजाने काढला असं लेखकांना वाटू नये म्हणून मी त्याच काळातला पुरावा समोर ठेवला. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या प्रवासवर्णनात पैठण हे भडोचपासून वीस दिवसांवर आणि तगर, म्हणजे आजचं तेर, पैठणपासून दहा दिवसांवर सांगितलं आहे. तिथला माल भडोचला गाड्यांतून जायचा हेही त्यात आहे. भडोच-पैठण सरळ रेषेत साधारण साडेतीनशे किलोमीटर. सव्वापट करून विसाने भागलं की रोजचे बावीस येतात. पैठण-तेर दीडशे. त्याच हिशेबाने रोजचे एकोणीस. कथेच्याच काळातल्या दोन वाटा रोजी विसाच्या आसपास येत असतील, तर सेहेचाळीस किलोमीटर रोज ओढणारी बैलगाडी वाचकाला कशी पटवणार? २३० भागिले पाच म्हणजे तेवढेच होतात.

विसाच्या वेगाने साडेअकरा दिवस, नदीचा अर्धा मिळून बारा. त्यात एक दिवस जुन्नरला मुक्काम घातला. त्याला कारण होतं. नाणेघाट ही पायऱ्यांची, दगडी फरसबंदीची वाट. तिथून गाडी उतरत नाही. जुन्नरला बैलांना विसावा द्यायचा, गाडी सोडून द्यायची सोय बघायची आणि पुढे बैलांच्या पाठीवर काय जाईल, काय मागे ठेवायचं हे ठरवायचं. शिवाय दोन माणसांना माणशी पाऊण किलो धान्य धरलं तर तेरा दिवसांचं वीस किलोच्या आसपास होतं. ते वाटेत कुठेतरी भरून घ्यावं लागणार. एकूण तेरा दिवस झाले.

लेखक गप्प बसले. मग म्हणाले, "अहो, म्हणजे आठ दिवस वाढले. मी आठ प्रकरणं कुठून आणू?"

प्रकरणं आणायची नव्हतीच. दिवस वाढले म्हणून पानं वाढवायची नसतात. आम्ही कागदावर एक आडवी पट्टी काढली आणि तिचे तेरा भाग करून प्रत्येक भागाखाली हस्तलिखितातली पानं लिहिली. पहिल्या दिवसाला तेवीस पानं, शेवटच्याला एकोणीस, मधल्या सगळ्यांना मिळून सहा. मग नकाशात जमीन कुठे बदलते तिथे खुणा केल्या: गोदावरी ओलांडायची जागा, आजच्या अहिल्यानगरच्या पुढचा कोरडा माळ, जुन्नर, घाटमाथा. प्रसंग तिथे लिहायचे, कारण तिथे प्रवाशांना काहीतरी ठरवावं लागतं. मधल्या सपाट दिवसांना दोन-चार वाक्यं पुरतात, पण त्या वाक्यांतून दिवस खर्च झालेले दिसले पाहिजेत. पिशवी हलकी होते, एका बैलाच्या खांद्याला जू लागून सूज येते, मामाचं बोलणं कमी होतं. "अनेक दिवस गेले" असं लिहिण्यापेक्षा यातलं एक पुरतं.

माळावर आणखी एक बदल केला. सगळे दिवस नेमके वीसचे ठेवले तर प्रवास खोटा वाटतो, कारण मुक्काम मैलांवर पडत नाही, पाण्यावर पडतो. म्हणून एके दिवशी चौदाच किलोमीटरवर ओढा लागला म्हणून थांबले आणि दुसऱ्या दिवशी सव्वीस चालावे लागले. सरासरी तीच राहिली, पण त्या सव्वीसच्या संध्याकाळी बैल खाली बसले आणि कथेला आपोआप एक प्रसंग मिळाला.

आता चंद्र. लेखकांनी नायिकेला पौर्णिमेला पैठणहून काढलं होतं. पाचव्या दिवशी कृष्ण चतुर्थी येते. चंद्र संध्याकाळी नाही, रात्री नऊच्या सुमारास उगवतो. तेरा दिवस धरले तर कृष्ण द्वादशी येते आणि घाटात पहाटेपर्यंत काळोख. चांदणं हवंच होतं, म्हणून निघायची तिथी हलवली: मार्गशीर्ष शुद्ध तृतीयेला पहाटे निघायचं, तेरावा दिवस पौर्णिमेचा. एखादी तिथी क्षय झाली किंवा वाढली तरी फरक एका दिवसाचा, चांदणं तेवढंच. पश्चिमेकडे परतणारी जहाजंही याच हंगामात सुटत, त्यामुळे बंदरातली घाई तशीच राहिली.

एक गोष्ट मात्र तिथीने सुटत नव्हती. नाणेघाट पश्चिमेला उतरतो आणि पौर्णिमेचा चंद्र पूर्वेला, पाठीमागच्या कड्याआडून वर येतो. म्हणजे तो घाटाच्या तोंडाशी "समोर" दिसणारच नाही. अंधार पडल्यावरचे पहिले काही तास घळीतल्या पायऱ्या कड्याच्या सावलीत असतात आणि दूर खाली कोकणातली जमीन उजळलेली दिसते. हे कागदावर रेघ काढून दाखवलं तेव्हा लेखकांनी स्वतःहून प्रसंग उलटा केला: नायिका अंधारात चाचपडत उतरते, आणि चंद्र वर आल्यावर उजेड मिळतो तो मागून येणाऱ्याला.

त्या मागच्या घोडेस्वारासाठी वेगळ्या रंगाची रेघ लागते. एकाच नकाशावर, त्याच तारखांनी. एकटा घोडेस्वार, घोडा न बदलता, लांबच्या वाटेवर रोज चाळीस किलोमीटर धरला. हस्तलिखितात तो तिसऱ्या दिवशी निघतो. त्याचाही पहिला अर्धा दिवस नदीत गेला, तरी चौथ्या संध्याकाळी तो साठावर आणि ती सत्तरावर. पाचव्या दिवशी तो तिला गाठतो, तेही अहिल्यानगरच्या आसपासच. घाटापर्यंत पाठलाग उरतच नाही. उलट मोजत गेलं तर तो आठव्या दिवशी निघाला पाहिजे. मग तेराव्या संध्याकाळी ती २३०वर आणि तो २२०वर येतो.

"पण तो सात दिवस थांबेल कशाला?" लेखकांनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. उत्तर पुन्हा नकाशातच होतं. त्याला पैठणमध्ये ठेवायचंच नाही, भोगवर्धनला, म्हणजे भोकरदनला ठेवायचं. वाटेने सव्वाशेच्या आत, घोड्यावर तीन दिवस. मुद्रेची चोरी पहिल्या रात्री उघडकीला येते, दूत दुसऱ्या सकाळी निघून चौथ्या संध्याकाळी पोचतो. हा पाचव्या सकाळी निघतो, सातव्या संध्याकाळी पैठणला येतो आणि आठव्या सकाळी नावेत बसतो. एकही दिवस ओढूनताणून आणावा लागला नाही.

घाटमाथ्यावर दोन्ही रेघा जवळ आल्यावर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दिसली. सपाटीवर घोड्याला रोज वीस किलोमीटरचा फायदा आहे. पायऱ्यांवर तो संपतो, कारण घोडा हाताला धरून, एकेक पायरी बघत उतरवावा लागतो. रात्री तर ते धोक्याचंच. आमच्या हिशेबात सहा वाजता ती मुद्रा घेऊन एकटी उतरायला लागते, मामा आणि बैल वर राहतात. सहाशे मीटरच्यावर उतार, अंधार धरून अडीच तास. तो दहा किलोमीटर मागे, रात्री घोडा चालीवर, ताशी चार. साडेआठला तो घाटाच्या तोंडाशी येतो तेव्हा ती पायथ्याला पोचलेली असते.

सकाळी घोडा उतरवून तो निघाला असता तर पायथ्यापासून कल्याणपर्यंतच्या साठ-पासष्ट किलोमीटरांत त्याने तिला दुसऱ्याच दिवशी गाठलं असतं. ती ताशी चार, घोडा सहा. तिची सकाळची आघाडी तेवढ्या वाटेला पुरत नाही. लेखकांनी हे गणित स्वतः करून पाहिलं आणि घोडा वरच सोडायला लावला. तो रात्रीच पायी उतरतो, अकरा वाजता पायथ्याला. आता दोघंही पायी, दोघंही दमलेले, वेग सारखा. त्यामुळे कल्याणपर्यंतच्या सगळ्या प्रकरणांत दोघांमध्ये अडीच तासांचं अंतर राहतं. ती विहिरीवर थांबली की ते कमी होतं, तो वाट चुकला की वाढतं. लेखकांनी तक्त्यात त्यासाठी शेवटचा रकाना आखला आणि पुढच्या प्रत्येक प्रसंगासमोर तेवढा एकच आकडा लिहीत गेले.