पितळी चंबूचा टेबल लॅम्प: खरं काम अर्थिंगचं

बाटलीचा लॅम्प करायला सोपा, कारण काचेतून करंट येत नाही. पितळेचं तसं नाही. आत वायर सोलली गेली तर अख्खं भांडं जिवंत होतं. म्हणून घरातल्या जुन्या चंबूसाठी बाजारात टांगलेला दोन पिनांचा तयार कॉर्ड सेट घेतला नाही. दोन मीटर थ्री-कोअर वायर (०.७५ चौरस मिलिमीटर), तीन पिनांचा ६ अँपिअरचा प्लग आणि बॅकेलाइटचा होल्डर असं सुटं सामान नवी पेठेतून आणलं.

वायरीसाठी मागच्या बाजूला, तळापासून दोन बोटं वर भोक पाडलं. भांडं सोलापुरी चादरीच्या घडीत आडवं ठेवलं आणि आतून लाकडाचा ठोकळा लावला. पितळेत ड्रिल एकदम खेचला जातो आणि पातळ पत्रा फाटतो. त्यामुळे आधी ३ मिलिमीटरचं भोक, मग बिट बदलत ते हळूहळू मोठं केलं. कडा कानसीने घासून रबरी ग्रोमेट बसवला. ग्रोमेट वायरीला धारेपासून वाचवतो, पण ओढ थांबवत नाही. त्यासाठी आतल्या बाजूने वायरीवर केबल टाय करकचून आवळला.

तोंडावर लाकडी चकती. तिच्या मधोमध पोकळ आट्यांची नळी, आणि नळीच्या खालच्या टोकाला मानेच्या रुंदीपेक्षा दीड सेंटिमीटर लांब लोखंडी पट्टी. पट्टी तिरकी करून आत सोडायची आणि वरचा नट आवळायचा. पट्टी मानेच्या आतल्या खांद्याला अडकते, चकती हलत नाही. होल्डर नळीवर.

हिरवी वायर मानेच्या मागच्या बाजूला छोट्या बोल्टखाली लग लावून जोडली. तिथूनच एक तुकडा नळीच्या नटाखाली नेला, कारण नळी लाकडात बसलेली असते आणि नुसत्या टेकलेल्या पट्टीच्या भरवशावर तिचा भांड्याशी पक्का जोड होत नाही. हा तुकडा हमखास राहून जातो. वायरीवरचा स्विच फेजच्या तारेत घातला.

प्लग सॉकेटबाहेर ठेवून मल्टीमीटरची एक तार प्लगच्या जाड पिनेला आणि दुसरी चंबूला लावली. आकडा दिसला, पण वायर हलवली की उडायचा. लग उघडला तर खाली पितांबरीचा पांढरा थर सुकलेला. तेवढी जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, दातेरी वॉशर घातला. मग आकडा एका ओहमच्या आत स्थिर राहिला. नळीलाही तसंच तपासलं. बल्ब काढून, स्विच चालू ठेवून बारीक पिना आणि चंबू यांच्यात बीप येत नाही, हेही पाहिलं.

बल्ब ७ वॉटचा एलईडी. जुन्या वाड्यात लॅम्प लावणार असाल, तर सॉकेटच्या मोठ्या भोकामागे वायर खरंच आहे का, हे आधी वायरमनकडून बघून घ्या. कित्येकदा ते भोक नुसतं शोभेचं असतं.