बारा वाजून शून्य मिनिटं, शून्य नग

सॉफ्टवेअर टीममधल्या सर्व मंडळींना,

स. न. वि. वि.

मी प्रेस शॉपचा सुपरवायझर. माझी दोन तिकिटं तुमच्याकडे येऊन गेली आहेत. पहिल्यात मी एकच ओळ लिहिली होती, "रात्री बारानंतर काउंट झिरो होतो." दुसऱ्या दिवशी तुमचं उत्तर आलं, की तारीख बदलली की काउंट झिरो होणं अपेक्षितच आहे. तिकीट बंद. तुम्हाला तरी काय बोलणार? एका ओळीत तक्रार केली की एका ओळीत उत्तर मिळतं. म्हणून या खेपेला पत्र. आज गुरुवार आहे. आमच्या भोसरीच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे चहा घेऊन निवांत बसलोय, आणि घरात कोणी माळ्यावरचे डबे काढायला सांगायच्या आत हे लिहून टाकायचं आहे.

आधी तुम्हाला चालू शिफ्टचे नग मोजणारा बोर्ड दाखवतो. तुम्ही तो स्क्रीनवर बघता, आम्ही मान वर करून बघतो. चार नंबरच्या प्रेसच्या डोक्यावर तो टांगलाय, लाल आकडे तळहाताएवढे. आमची तिसरी शिफ्ट रात्री अकरा ते सकाळी सात. बारा वाजायला पाच-दहा सेकंद असताना बोर्डावर दोन हजारांच्या वरचा आकडा असतो. प्रेसचा ठोका पडतो, नग घसरपट्टीवरून क्रेटमध्ये जातो, पुढचा ठोका पडतो, आणि तेवढ्यात बोर्डावर 0. प्रेसला बारा वाजल्याचं कळत नाही. ती आपली ठोके मारतच असते. प्रेसवरचे आमचे मामा, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली, हातमोज्याने घाम पुसतात आणि म्हणतात, "साहेब, आपण आत्ताच आलो वाटतं."

पहिल्या दिवशी हसलो. मग हसू येईना, कारण सकाळी सातला चार्ज देताना माझ्या रजिस्टरचा आकडा आणि तुमच्या रिपोर्टचा आकडा जुळत नव्हता. फरक दहा-वीस नगांचा असता तर मी पत्र लिहिलं नसतं. डाय सेट करताना सेटर चार-दोन कोरडे ठोके मारतो, पत्रा नसतोच खाली. प्रेसवरचा जुना यांत्रिक काउंटर ते ठोकेही मोजतो, म्हणून तेवढा फरक आम्ही धरूनच चालतो. हा फरक कधी सत्तरचा, कधी दीडशेचा, आणि कधी चक्क रजिस्टरपेक्षा जास्त. चोर एकाच बाजूने चोरतो. हा दोन्ही बाजूंनी हात घालत होता, म्हणजे हा चोर नव्हता, हिशेबाचा घोळ होता.

तो सापडला बारा वाजता नाही, अकरा वाजता. मी इतके दिवस बाराकडेच बघत बसलो होतो. एका बुधवारी दुसऱ्या शिफ्टकडून चार्ज घेतला, माणसं जागेवर गेली, प्रेस अजून बंद होती, आणि सहज वर बघितलं तर बोर्डावर 1,760. एकही ठोका पडलेला नाही आणि सतराशे साठ नग तयार! मामा म्हणाले, "ऑफिसने ॲडव्हान्स दिलाय." मी रजिस्टर उघडलं. आदल्या रात्री, म्हणजे मंगळवारच्या रात्रपाळीत, बारा ते सात या वेळात आम्ही किती नग काढले होते? 1,760.

मग सगळं उलगडलं. तुमचा प्रोग्रॅम प्रत्येक ठोक्याची वेळ लिहितो, ते बरोबर. त्या वेळेवरून तो शिफ्ट ठरवतो, तेही बरोबर. अकरा ते सातमधला ठोका म्हणजे तिसरी शिफ्ट. पण तारीख तो भिंतीवरच्या कॅलेंडरवरून घेतो. एका तारखेत तिसऱ्या शिफ्टचे दोन तुकडे येतात, पहाटेचे सात तास आणि रात्रीचा एक तास. पहाटेचे सात तास कालच्या माणसांचे, रात्रीचा एक तास आजच्या माणसांचा. तुमच्या रिपोर्टने दोघांना एकाच ताटात जेवायला बसवलं.

त्या बुधवारचे आकडे देतो. अकराला बोर्ड 1,760 वर होता. बारापर्यंत आम्ही 280 काढले, बोर्ड 2,040 वर गेला आणि शून्य झाला. बारा ते सातमध्ये आणखी 1,830 निघाले. म्हणजे आमच्या पाळीचे खरे नग 280 अधिक 1,830, एकूण 2,110. तुमच्या रिपोर्टमध्ये बुधवार, तिसरी शिफ्ट, 2,040. आता हा 2,040 बघून कोणाला शंका येणार? दिसायला अगदी सभ्य आकडा. मॅनेजर साहेबांनी त्यावर सहीसुद्धा केली. आणि महिन्याची बेरीज तर जवळजवळ तंतोतंत जुळते, कारण आज रात्री जे हरवतं ते उद्याच्या खात्यात जमा होतं. अकाउंट्सवाले म्हणतात आमचं टॅली होतंय, डिस्पॅचवाले म्हणतात माल पोचतोय. तक्रार फक्त आमची.

ही लपवाछपवी उघडी पडते ती सुट्टीच्या वारी. बुधवारच्या पाळीचे ते 1,830 नग कुठे गेले असतील? गुरुवारच्या नावावर. गुरुवारी सकाळी सातला आम्ही प्रेस बंद करून, मेन स्विच पाडून घरी जातो, आणि शुक्रवारी सकाळी सातपर्यंत आत सिक्युरिटी आणि मांजर सोडून कोणी नसतं. पण तुमच्या रिपोर्टमध्ये गुरुवार, तिसरी शिफ्ट: हजेरी शून्य, उत्पादन 1,830. मी तो कागद नोटीस बोर्डाजवळ नेऊन मामांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला आणि म्हणाले, "मांजराला परमनंट करा."

पुढची गंमत मात्र गंमत नाही. शुक्रवारी पहाटे कारखाना बंद होता, म्हणून शुक्रवारच्या खात्यात पहाटेचे सात तास रिकामे. शुक्रवारी रात्री अकराला नवी पाळी येते आणि बारापर्यंत 275 नग काढते. त्यानंतरचे 1,805 शनिवारच्या नावावर जातात. माणसांनी काढले 2,080, रिपोर्ट म्हणतो 275. आमच्याकडे पाळीत दोन हजारांच्या वर नग गेले की इन्सेन्टिव्ह लागतो, आणि तुमचा रिपोर्ट आल्यापासून एचआर तोच धरतं. तीन महिन्यांतले तेरा शुक्रवार असेच कोरडे गेले. गुरुवारचं तर बोलायलाच नको, ज्या दिवशी कोणाची हजेरीच नाही त्या दिवसाचा इन्सेन्टिव्ह कोण नेणार? पाळ्या आमच्याकडे शुक्रवारी बदलतात, त्यामुळे दर शुक्रवारी नव्या गटाची पहिलीच रात्र मार खाते. वर गेल्या महिन्यात मीटिंगमध्ये एकाने तक्ता लावून विचारलं, "शुक्रवारी रात्री तुमची माणसं झोपतात का?" मी तेव्हा गप्प बसलो. ते अजून घशात आहे.

दुसऱ्या तिकिटावर तुम्ही कळवलंत की सर्व्हरची वेळ तपासली, टाइमझोन भारताचाच आहे. तपासलंत ते बरं केलंत, पण तो रोग वेगळा. सर्व्हर यूटीसीवर चालत असता तर बोर्ड बाराला शून्य झालाच नसता, पहाटे साडेपाचला झाला असता, कारण आपण साडेपाच तास पुढे आहोत. शून्य कधी होतं त्यावरूनच आजार ओळखता येतो. साडेपाचला झाला तर घड्याळ बघा. बाराला झाला तर घड्याळ ठणठणीत आहे, दिवसाची व्याख्या चुकली आहे.

दिवस बाराला बदलतो हे तरी सगळीकडे कुठे खरं आहे? पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. मामांचा गुरुवारचा उपास असतो. बुधवारच्या पाळीत रात्री तीनला जेवणाची सुट्टी होते तेव्हा कॅलेंडरने गुरुवार लागून तीन तास झालेले असतात. नव्या हेल्परने एकदा त्यांना टोकलं, "मामा, आज उपास ना?" मामांनी डब्यातली भाकरी मोडली, ठेच्यात बुडवली, आणि म्हणाले, "अजून बुधवारच चाललाय. उजाडू दे." मी शेजारीच बसलो होतो. तुमच्या प्रोग्रॅमला जे जमलं नाही ते त्यांना कॉम्प्युटरशिवाय जमतं. ज्या दिवशी कामाला बसलो तो दिवस, उठेपर्यंत तोच.

आम्हाला एवढंच हवंय. रात्रीचा ठोका ज्या तारखेला पाळी सुरू झाली त्या तारखेला लागावा. माझी मुलगी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला जेवताना हे सगळं सांगितलं तर तिने वरणाची वाटी बाजूला करून एक ओळ लिहून दिली. तुम्हाला शिकवायचा हेतू नाही, पण कागद आहे तर उतरवतो:

```
DATE(log_time - INTERVAL 7 HOUR)
```

ती म्हणाली, वेळेतून सात तास वजा करायचे आणि मग तारीख घ्यायची. मी हाताच्या बोटांवर तपासलं. गुरुवारी पहाटे दोनचा ठोका सात तास मागे गेला की बुधवार संध्याकाळचे सात, म्हणजे बुधवार. सकाळी सातचा ठोका मागे जाऊन बरोबर मध्यरात्रीवर येतो, म्हणजे नवा दिवस. दिवाळीच्या आधी आम्ही सात ते सात अशा बारा तासांच्या दोन पाळ्या चालवतो, तेव्हाही तारीख चुकत नाही. फक्त तो सातचा आकडा प्रोग्रॅममध्ये कोरून ठेवू नका. आपल्या दुसऱ्या युनिटमध्ये पहिली शिफ्ट साडेसहाला लागते. तिथे सात तास वजा केलेत तर रोज सकाळचा पहिला अर्धा तास कालच्या दिवसात जाईल, आणि मग त्यांचा सुपरवायझर पत्र लिहील. बोर्डलाही हीच तारीख लावा. नुसता रिपोर्ट सुधारलात तर बोर्ड बाराला शून्य होतच राहील, आणि मामा मला रोज तेच ऐकवतील.

राहिले मागचे तीन महिने. प्रत्येक ठोक्याची वेळ तुमच्याकडे साठवलेली आहे असं तुमच्याच माणसाने बोर्ड बसवताना सांगितलं होतं. तसं असेल तर जुने रिपोर्ट नव्या तारखेने पुन्हा काढता येतील. तेरा शुक्रवारांचे पुन्हा काढून एचआरला थेट पाठवा, मला कॉपी ठेवा. माझी रजिस्टरची पानं मी झेरॉक्स करून ठेवली आहेत. दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघू, कोरड्या ठोक्यांचा फरक सोडून.

कळावे,
आपला,
सुपरवायझर, प्रेस शॉप, तिसरी शिफ्ट

ता. क. दुरुस्ती झाल्यावर तुमच्यापैकी कोणीतरी एका बुधवारी रात्री पावणेअकराला या आणि साडेबारापर्यंत थांबा, बोर्ड एकत्र बघू. येताना सेफ्टी शूज घालून या. मागच्या वेळचा तुमचा मुलगा सँडल घालून आला होता, त्याला सिक्युरिटीने गेटवरच बसवून ठेवलं.