रिकामा फोटोही घ्या

आज आत्याकडे, दांडिया बाजारात, तिच्या जुन्या झोपाळ्याचा फोटो काढला. मागचं सगळं काढून नुसता झोपाळा हवा होता. पितळी कड्यांच्या साखळ्या, प्रत्येक कडीत भोक. हातानं सिलेक्ट करायला बसलं तर रात्र जाते.

म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट लावला, फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल केलं आणि एक फोटो झोपाळ्यासकट, एक झोपाळा उतरवून रिकाम्या भिंतीचा घेतला. दोन्ही टायमरवर, बोटाचा धक्का नको.

फोटोशॉपमध्ये एकावर एक ठेवून वरच्या लेयरला Difference दिलं. भिंतीची उजळता दोन्हीकडे 210, वजाबाकी शून्य, म्हणजे काळी. पितळ 120, फरक 90, म्हणून ते उजळ. सेन्सरच्या नॉइजमुळे भिंतीवर तीन-चार उरतातच, म्हणून 20च्या खालचं सगळं काळं आणि वरचं सगळं पांढरं केलं. तोच झाला मास्क: पांढरं तेवढं दिसतं, काळं झाकलं जातं. कड्यांमधली भोकंसुद्धा आपोआप मोकळी!

पण ही पद्धत वस्तू ओळखत नाही, फक्त बदल ओळखते. फरशीवरची सावलीही मास्कमध्ये आली, ती ब्रशनं पुसावी लागली. आणि पितळेवर जिथे पिवळट भिंतीचंच प्रतिबिंब होतं तिथे फरक जवळजवळ शून्य, कडीला खड्डे पडले. मग मागे निळी चादर लावून दोन्ही फोटो पुन्हा घेतले, खड्डे बहुतेक भरले.

भिंतीवरच्या खिळ्याला, चौकटीला उजळ रेघ दिसली, तर ट्रायपॉड हलला समजा. लेयर एखादा पिक्सेल सरकवून आधी ती रेघ घालवा.