सहा रात्रींत किती बेटं?

"ताई, अंदमानला सहा रात्री मिळतायत. किती बेटं करावीत आणि कुठे किती दिवस राहावं?"

राहायची बेटं दोनच ठेवा, हॅवलॉक आणि नील, दोन्हीकडे दोन-दोन रात्री, आणि उरलेल्या दोन रात्री पोर्ट ब्लेअरला, एक सुरुवातीला, एक शेवटी. मंडळातल्या तिघीचौघींनी हेच विचारलं म्हणून आता नीट लिहूनच टाकते.

आधी नावांचं सांगते, कारण बुकिंग करताना गोंधळ होतो. २०१८ पासून हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप, आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. जुनी-नवी दोन्ही नावं चालतात, म्हणून तिकिटावर वेगळं नाव दिसलं तर घाबरू नका.

आता बेटं दोनच का. आपण इंदूरची माणसं, उज्जैन-ओंकारेश्वर-महेश्वर एका दिवसात करून रात्री सराफ्यात खायला हजर, त्यामुळे तीच सवय लावून प्लॅन करतो, पण समुद्रात तसं होत नाही. बेट बदलायचं म्हणजे सकाळी बॅगा भरा, हॉटेल सोडा, तासभर आधी जेट्टीवर पोचा, ओळखपत्रं दाखवा, सामान चढवा. मग हॅवलॉक ते नील फेरी साधारण एक तास, पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक दीड ते अडीच तास, उतरल्यावर टॅक्सी, हॉटेलची रूम तयार व्हायची वाट, जेवण. दुपारचे दोन वाजलेच म्हणून समजा. आणि इथेच खरी मेख आहे, अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहे पण घड्याळ आपलंच, त्यामुळे थंडीत तिथे पाच-सव्वापाचलाच सूर्य बुडतो. म्हणजे दोनला मोकळे झालात तर हातात उजेडाचे तीन तास. म्हणून मी बेटं मोजत नाही, फेऱ्या मोजते, एक फेरी म्हणजे अर्धा दिवस गेला.

आमच्या पहिल्या ट्रिपला एजंटने पाच रात्रींत हॅवलॉक, नील आणि शिवाय बाराटांग बसवून दिलं होतं. बाराटांगला चुनखडीच्या गुहा सुंदर आहेत, पण रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो, गाड्या ठरलेल्या वेळीच ताफ्याने सोडतात, म्हणून पहाटे तीनला निघावं लागतं आणि अख्खा दिवस त्यातच जातो. नीलला आम्ही त्या वेळी एकच रात्र राहिलो आणि शेवटच्या दिवशी तिथून सकाळची फेरी पकडून दुपारचं विमान घ्यायचं होतं. रात्री वारा सुटला, सकाळी फेरी रद्द. विमान गेलं, चार जणांची तिकिटं नव्याने काढावी लागली, आणि कोलकात्याहून इंदूरचं पुढचं विमानही चुकलं ते वेगळंच. तेव्हापासून शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला हे मी कुणाला सोडू देत नाही, बाकी प्लॅन कितीही बदला.

नीलला एक रात्र पुरते असं सगळे म्हणतात, छोटंसं तर आहे, दोन तासात फिरून होतं. खरंय, रस्ता दोन तासाचाच आहे, पण नील समुद्राच्या वेळेवर चालतं. तिथला दगडी नैसर्गिक पूल, ज्याला स्थानिक लोक हावडा ब्रिज म्हणतात, तिथपर्यंत ओहोटीलाच जाता येतं. भरतपूरच्या किनाऱ्यावर उलटं, काचेच्या तळाची बोट आणि पोहायला पाणी भरलेलं हवं, ओहोटीत प्रवाळाचे खडक उघडे पडतात. म्हणजे एकाच दुपारी दोन्ही मनासारखं होईल असं नाही, आणि ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे मैत्रिणीने सांगितलेली वेळ तुमच्या दिवशी उपयोगाची नाही. पहिल्या वेळी आम्ही पुलाशी पोचलो तेव्हा पाणी कमरेपर्यंत चढलं होतं, गाइडने लांबूनच दाखवून परत आणलं.

दुसऱ्या वेळी मी भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन बसले. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी भरपूर चढतं आणि तितकंच मागेही सरकतं, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फारसं सरकत नाही. म्हणून नीलचा पहिला दिवस पौर्णिमेच्या आदल्या दिवशी येईल असा ठेवला. ओहोटी दुपारी तीनच्या सुमारास होती, आम्ही दोनलाच निघालो म्हणजे पाणी उतरत असताना पोचलो आणि चढायच्या आत परतलो. आईचे गुडघे दुखतात, तिला चांगल्या पकडीचे सॅंडल घातले होते, कारण वाट सगळी मेलेल्या प्रवाळाची, खडबडीत आणि मधे शेवाळ. खडकांत डबकी राहतात ना, त्यातल्या एकात काळी लांब समुद्री काकडी पडलेली होती, हाताच्या पंजाएवढी, आणि बाजूने बोटाच्या नखाएवढे खेकडे पळत होते, आई त्या एका डबक्यापाशी वाकून पंधरा मिनिटं उभी होती, पुलाचे फोटो आम्हीच काढले. (तिथून शंख, प्रवाळ उचलून आणायचे नाहीत, कायद्याने मनाई आहे.) दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरलेलं होतं तेव्हा भरतपूर, आणि संध्याकाळी लक्ष्मणपूरला सूर्यास्त. ही दुसरी रात्र नसती तर यातलं एक सोडावंच लागलं असतं.

हॅवलॉकला पोचल्या दिवशी संध्याकाळी राधानगर, जेट्टीपासून बारा किलोमीटर, किनारा पश्चिमेला आहे म्हणून सूर्यास्त तिथेच. दुसरा अख्खा दिवस एलिफंट बीचला, बोटीने वीसेक मिनिटं, स्नॉर्कलिंग सकाळीच करा. समुद्र खवळला तर ते बंद ठेवतात, म्हणून सात रात्री असल्या तर जास्तीची रात्र हॅवलॉकला टाका. पाचच असतील तर हॅवलॉकची एक कमी करा, नीलची नाही, एलिफंट बीच सुटेल पण धावपळ होणार नाही.

पोर्ट ब्लेअरला पहिल्या दुपारी सेल्युलर जेल, कुठल्या दिवशी बंद असतं तेवढं बघून विमान काढा. सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर आहे, जिने चढावे लागतात, ज्येष्ठ लोक असतील तर वेळ ठेवा. रॉस बेट म्हणजे आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, तिथे राहायचं नसतंच, बोटीने थोड्याच मिनिटांवर आहे, ते शेवटच्या दुपारी नीलहून परतल्यावर जमलं तर करा. नाही जमलं तर राहू द्या.

तारखा ठरल्या की मला सांगा, नीलला कुठली तिथी येतेय ते आपण एकदा बघू, विमानाचं तिकीट त्यानंतर काढा.