‘मातीत मिसळून जाणाऱ्या’ पिशवीचा पाठपुरावा

तिसऱ्या वर्षाला ग्राहक अभ्यासाच्या पेपरसाठी आम्हाला एक प्रकल्प होता: बाजारातली एक जाहिरात निवडायची आणि तिच्यातल्या पर्यावरणविषयक दाव्यांची छाननी करायची. बहुतेकांनी शाम्पू आणि कपडे घेतले. मी कचऱ्याच्या पिशव्यांचा रोल घेतला, कारण तो घरोघरी रोज लागतो आणि त्याच्यावरचा दावा तपासता येण्याजोगा होता. कंपनीचं नाव इथे देत नाही, कारण तिच्यासारखे बरेच रोल दुकानात मिळतात.

वेष्टनावर हिरवं पान होतं, शेजारी मक्याचं कणीस, आणि मजकूर असा: ‘१००% बायोडिग्रेडेबल. नो प्लास्टिक. मातीत मिसळून जाते. निसर्गासाठी उत्तम.’ मॅडमनी पहिलंच काम सांगितलं ते असं की चित्रं एका बाजूला काढा आणि प्रत्येक वाक्य वेगळ्या ओळीवर लिहा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रीनवॉशिंगविरुद्ध, म्हणजे पर्यावरणपूरक असल्याचा खोटा आव आणण्याविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत नुसता हिरवा रंग किंवा निसर्गाचं चित्र, तेवढ्याने दिशाभूल होत नसेल तर, ग्रीनवॉशिंग धरलेलं नाही. म्हणून पानावर वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. शब्दांवर मात्र बंधन आहे. ‘निसर्गासाठी उत्तम’ यासारखे मोघम शब्द पुराव्याशिवाय आणि खुलाशाशिवाय वापरता येत नाहीत. ‘कंपोस्टेबल’, ‘डिग्रेडेबल’ असा नेमका दावा करायचा तर त्यामागे प्रमाणपत्र किंवा विश्वासार्ह शास्त्रीय पुरावा लागतो.

‘नो प्लास्टिक’ लवकर निकालात निघालं. कंपोस्ट होणाऱ्या पिशव्या साधारणपणे पीएलए आणि पीबीएटी या पदार्थांच्या, कधी स्टार्च मिसळून केलेल्या असतात. पीएलए मका किंवा उसासारख्या पिकांपासून होतं, पण पीबीएटी बहुतांशी खनिज तेलातून येतं. आणि आपले प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम या पदार्थांना ‘कंपोस्टेबल प्लास्टिक’ असंच म्हणतात. म्हणजे पिशवी अगदी अस्सल असती, तरी ‘नो प्लास्टिक’ हे शब्द टिकले नसते.

खरी मेहनत ‘१००% बायोडिग्रेडेबल’वर गेली. नियमांत दोन वेगळे वर्ग आहेत, हे मला तोवर माहीत नव्हतं आणि जाहिरात नेमकी तिथेच गोंधळ घालते. कंपोस्टेबल प्लास्टिक आयएस/आयएसओ १७०८८ या मानकावर उतरावं लागतं. त्याची चाचणी सुमारे ५८ अंश सेल्सिअसला, म्हणजे मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात असते तशा उष्णतेत होते. १८० दिवसांत त्यातला ९०% कार्बन सूक्ष्मजीवांनी खाऊन कार्बन डायऑक्साइडच्या रूपात बाहेर टाकला पाहिजे. बायोडिग्रेडेबल प्लास्टिकची व्याख्या याहून वेगळी आहे. ते मातीसारख्या ठरावीक वातावरणात, मायक्रोप्लास्टिक मागे न ठेवता, सूक्ष्मजीवांकडून विघटित झालं पाहिजे. २०२४ च्या दुरुस्तीनंतर अशा वस्तूवर किती दिवसांत आणि कुठल्या वातावरणात ते होईल, हेही छापायचं आहे. दोन्ही प्रकारांना बाजारात येण्यापूर्वी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं.

आता रोल परत हातात घेतला. दिवसांचा आकडा नव्हता, वातावरणाचा उल्लेख नव्हता. तळाशी बारीक अक्षरांत ‘सीपीसीबी मान्यताप्राप्त’, म्हणजे याच मंडळाची मान्यता असल्याचं, छापलं होतं, पण क्रमांक नव्हता. इथे एक गोष्ट सांगून ठेवते. ठळक अक्षरांत असतं ते विकणाऱ्याचं नाव, आणि प्रमाणपत्र पिशवी बनवणाऱ्याच्याही नावावर असू शकतं. म्हणून मंडळाच्या संकेतस्थळावरच्या यादीत ब्रँड शोधून थांबू नये, ‘उत्पादक’ म्हणून छापलेलं नाव आणि पत्ता शोधावा. मी दोन्ही शोधली. दोन्ही सापडली नाहीत.

मग कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल केला. त्यात तीनच प्रश्न होते: प्रमाणपत्र क्रमांक काय, चाचणी कशावर झाली, किती दिवसांत किती विघटन मोजलं. पहिलं उत्तर ‘आमचं उत्पादन पर्यावरणपूरक असून उत्तम दर्जाच्या कच्च्या मालापासून बनवलं जातं’ असं आलं. मी तेच तीन प्रश्न पुन्हा पाठवले. तेव्हा प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि सगळा प्रकल्प त्याच्यावरच उभा राहिला.

अहवाल खरा होता, शिक्का-सही होती. पण ‘नमुना’ या रकान्यात पिशवी नव्हतीच, मास्टरबॅच होतं. मास्टरबॅच म्हणजे साध्या पॉलिथीनमध्ये थोड्या प्रमाणात मिसळायचे दाणे. म्हणजे मक्याचं कणीस छापलेली पिशवी मुळात पॉलिथीनची, वर एक मिश्रण घातलेली. निकालाच्या तक्त्यात काय मोजलं होतं? त्या दाण्यांपासून केलेली फिल्म उष्णतेत आणि अतिनील किरणांत ठेवल्यावर तुटण्याआधी किती ताणली जाते. आकडा भराभर खाली आला होता आणि खाली निष्कर्ष होता, ‘डिग्रेडेशन सिद्ध’.

इथे मी आमच्या रसायनशास्त्राच्या सरांकडे गेले. त्यांनी तक्ता पाहिला आणि विचारलं, “यात कार्बन डायऑक्साइड कुठे मोजलाय?” कुठेच नव्हता. फिल्म ठिसूळ होऊन तिचे तुकडे पडणं ही एक गोष्ट, सूक्ष्मजीवांनी ते तुकडे खाऊन संपवणं ही दुसरी. पहिली सिद्ध झाली म्हणून दुसरी होत नाही. पहिलीच होऊन थांबली तर पिशवी दिसेनाशी होते आणि मायक्रोप्लास्टिक मातीत राहतं. ‘मातीत मिसळून जाते’ हे वाक्य त्या अर्थाने खरंही ठरेल, आणि मला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला. अशा ऑक्सो-डिग्रेडेबल प्लास्टिकवर युरोपीय संघाने २०२१ पासून बंदी घातली आहे, ती याच तुकड्यांच्या काळजीने.

वर्गातल्या एकाने सुचवलं होतं की पिशवीची पट्टी घरच्या खतपेटीत पुरून बघ. मी ते प्रकल्पात घेतलं नाही. घरची पेटी ५८ अंशांवर टिकून राहत नाही, त्यामुळे अस्सल कंपोस्टेबल पिशवीही तिथे महिनोन्‌महिने तशीच राहू शकते. आणि पट्टी नाहीशी झाली तरी ती खाल्ली गेली की चुरा झाली, हे डोळ्यांना कळत नाही.

त्याऐवजी पिशवी शेवटी जाते कुठे, ते पाहिलं. आमच्या सोसायटीचा ओला कचरा वेगळा करणाऱ्या मावशींना रोल दाखवला. त्या म्हणाल्या, “ताई, पिशवी कुठली का असेना, आम्ही फाडून कचरा खाली करतो आन् पिशवी बाजूला टाकतो. बघून थोडीच कळतंय कुठली कसली?” म्हणजे प्रमाणित पिशवीसुद्धा ती जिथे कुजू शकते त्या ठिकाणी पोचेलच असं नाही. हा मुद्दा मी अहवालात वेगळा लिहिला, कारण तो एका कंपनीचा दोष नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं की ‘दावा खोटा आहे’ असं का लिहिलं नाही. मी सांगितलं की पिशवीची चाचणी मी केलेली नाही, त्यामुळे ‘दिलेला पुरावा या दाव्याचा नाही’ एवढंच मला म्हणता येतं. पण पुरावा देण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची आहे, ग्राहकाची नाही. त्यांनी अहवालाची प्रत मागून घेतली आणि ‘नमुना’चा रकाना स्वतः वाचला.

मार्क मिळाल्यावर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली. वेष्टनाचे दोन्ही बाजूंचे फोटो, बिल, ईमेल आणि तो अहवाल सोबत जोडला, आणि मजकुरात एकच वाक्य ठळक केलं: चाचणी मास्टरबॅचची आहे, दावा पिशवीचा आहे.