टीबीएन शिल्लक होता, तरी टिपरचं तेल संपलं होतं

मागच्या उन्हाळ्यात मी इंजिन ऑइलचा खर्च कमी करायला निघालो. वाडीत माझ्या पाच गाड्या उभ्या राहतात. त्यातल्या दोन अगदी जुळ्या आहेत: बीएस-४, एकच इंजिन, एकाच बादलीतलं १५डब्ल्यू-४० तेल. फरक कामाचा. ट्रक नागपूर-हैदराबाद मारतो, टिपर उमरेडकडे कोळशावर चालतो. ट्रकचं तेल मी २० हजार किलोमीटरला बदलत होतो, टिपरचं १० हजारला. दोन्ही आकडे वाढवता येतील का, एवढाच प्रश्न होता.

आमच्या मिस्त्रींचा सल्ला तयार होता. "भाऊ, काळं झालं की बदलाचं." पण डिझेल इंजिनात नवं तेल चारपाचशे किलोमीटरमध्येच काळं पडतं. ते काळेपण म्हणजे तेल काजळी अंगावर घेतंय याची खूण. किती घेतली आणि अजून किती घेऊ शकेल, हे रंग सांगत नाही. म्हणून तेल तपासून घ्यायचं ठरवलं.

पहिला नमुना वाया गेला, चूक माझीच. रात्रभर उभ्या गाडीच्या चेंबरचा नट सैल करून पहिली धार बाटलीत धरली. तिच्यात तळाचा गाळ येतो. लॅबमधल्या मॅडमनी फोनवर खडसावलंच. गाडी कामावरून आली की दहा मिनिटांच्या आत, गेजच्या नळीतून स्वच्छ ट्यूब टाकून पिचकारीने मधल्या थरातलं तेल ओढायचं. बाटलीवर शेवटच्या बदलीपासूनचे किलोमीटर, इंजिनाचे तास आणि मध्ये किती तेल वरून घातलं ते लिहायचं. दुसऱ्यांदा तसंच केलं.

रिपोर्ट आला आणि मी घाबरलो. तेलाच्या माहितीपत्रकावर टीबीएन १०.५ छापला होता आणि ट्रकचा आला ५.१. टीबीएन म्हणजे तेलातल्या क्षाराचा साठा. जळणातून आणि तेल जुनं होण्यातून आम्लं तयार होतात, ती बेअरिंग खाण्याआधी हा साठा त्यांना मारतो. साठा अर्ध्यावर आला की तेल बदला, असा ढोबळ नियम आहे. त्या हिशेबाने ट्रकचं तेल २० हजारच्या आधीच संपलं होतं.

मॅडमनी विचारलं, "माहितीपत्रकावरची पद्धत बघितली का?" तिथे बारीक अक्षरात डी २८९६ होतं, लॅबच्या रिपोर्टवर डी ४७३९. पहिल्या पद्धतीत पर्क्लोरिक आम्ल वापरतात. ते इतकं जोरदार असतं की तेलातले कमजोर क्षारही मोजणीत धरतं. दुसऱ्या पद्धतीतलं हायड्रोक्लोरिक आम्ल मुख्यतः कामाचे, जोरदार क्षारच मोजतं. म्हणून वापरलेल्या तेलाला तीच पद्धत बरी, पण दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी लावायचे नसतात. मी त्याच बादलीतलं न वापरलेलं तेल पाठवलं. डी ४७३९ ने ते ८.६ आलं. म्हणजे खरी घसरण ८.६ वरून ५.१ ची, आणि अर्धा टप्पा ४.३ ला.

ट्रकचा हिशेब मग सरळ झाला. काजळी ०.९ टक्के, घट्टपणा जागेवर. मी त्याच तेलावर गाडी पुढे चालवली आणि २८ हजारला पुन्हा नमुना दिला. टीबीएन ४.२ आणि आम्ल-आकडा, म्हणजे तेलात किती आम्ल आहे त्याचं माप, ४.३. नव्या तेलात आम्ल-आकडा शून्य नसतो, झीज रोखणाऱ्या रसायनामुळे आमच्या तेलात तो सुरुवातीलाच २.३ होता. तो चढत आणि टीबीएन उतरत दोघं जिथे भेटतात, तिथे थांबायचं. ट्रकला मर्यादा घातली ती क्षारसाठ्याने. पूर्वी डिझेलमध्ये गंधक शेकड्यांनी पीपीएम असायचं, तेव्हा हा साठा फार लवकर संपत असे. २०२० पासून देशभर १० पीपीएमचं डिझेल मिळतं, म्हणून आता तो हळू उतरतो.

यावरून मी टिपरबद्दल खुशीत होतो. ५,२०० किलोमीटरवर त्याचा टीबीएन ६.० आला, ट्रकपेक्षाही चांगला. म्हटलं, हा १५ हजार तरी जाईल.

मॅडम म्हणाल्या, "खालच्या ओळी वाचा." काजळी ३.४ टक्के. १०० अंशांवर विस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, नव्या तेलात १४.६ सेंटीस्टोक, इथे १६.९. ४० ग्रेडची वरची हद्द १६.३ आहे, म्हणजे हे तेल आपल्या ग्रेडच्या बाहेर गेलं होतं. लोह ९६ पीपीएम, ट्रकमध्ये २० हजारला ३१. टीबीएन चांगला दिसत होता त्याचं एक कारण मीच होतो: मध्ये दोन लिटर नवं तेल घातलं होतं. त्याने क्षार भरून निघतो. काजळी थोडी पातळ होते एवढंच, ती जात नाही.

फिल्टर काय करतो मग? काही नाही. काजळीचा मूळ कण मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या भागापेक्षाही लहान असतो, फिल्टरमधून आरपार जातो. तेलातलं डिस्पर्संट प्रत्येक कणाला वेगळं ठेवतं, तोपर्यंत त्रास नसतो. ते पुरेनासं झालं की कण एकमेकांना धरतात, तेल घट्ट होतं, थंड इंजिन सुरू करताना वरपर्यंत उशिरा पोहोचतं, आणि कॅम-रॉकरवरचा झीज रोखणारा पातळ थर हे पुंजके खरवडून काढतात. ९६ पीपीएम लोह तिथलं असावं, असं मला वाटतं.

पण ५,२०० किलोमीटरमध्ये एवढी काजळी कशी? उत्तर जीपीएसच्या रिपोर्टमध्ये होतं: इंजिन चालू ४३० तास. सरासरी ताशी १२ किलोमीटर! ट्रकने २० हजार किलोमीटर जवळपास ४४० तासांत केले होते. म्हणजे दोन्ही इंजिनं सारखीच चालली होती आणि मी किलोमीटर मोजत बसलो होतो. त्यातही टिपरचे तास वाईट: लोडिंगच्या रांगेत एसीसाठी इंजिन चालू, मग भरल्या गाडीने जागेवरून चढ. मंद इंजिनात जळण नीट जळत नाही, आणि दाबून ॲक्सिलरेटर दिला की हवा कमी पडते.

तरी मॅडमना आकडा जास्त वाटला. "हवेकडे बघा," म्हणाल्या. मिस्त्रींनी इंटरकूलरचे पाइप उघडले तर टर्बोकडच्या रबरी पाइपला क्लॅम्पच्या आत चीर होती. ड्रायव्हर म्हणाला, "चढावर काळा धूर देतच होता भाऊ, म्या म्हटलं कोळशाची गाडी हाये." पाइप बदलला, एअर फिल्टर बदलला, तेल बदललं. पुढच्या ४०० तासांना काजळी १.८ टक्के, विस्कॉसिटी १५.२.

आता ट्रकचं तेल २६ हजारला बदलतो. टिपरचं ४०० तासांना, म्हणजे पाच हजार किलोमीटरच्या आतच. पैसे वाचवायला निघालो आणि टिपरचा तेलाचा खर्च दुप्पट झाला, हे घरी अजून सांगितलेलं नाही.

मधल्या काळात मिस्त्री टिपकागदावर गरम तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवतात. डाग करडा होऊन कडेपर्यंत सारखा पसरला तर डिस्पर्संट जिवंत आहे. मध्ये कुळकुळीत ठिपका, बाहेर फिकट कडं आणि दोघांच्या सीमेवर स्पष्ट रेघ दिसली तर काजळी गोळा झाली. टीबीएन त्यात कळत नाही, पण टिपरचं तेल आधी संपतं ते काजळीनेच. जुन्या तेलाचा तो ठिपका त्यांनी गॅरेजच्या भिंतीवर चिकटवून ठेवलाय, खाली लिहिलंय: "५२०० किमी, ४३० तास".