पुट क्रेडिट स्प्रेड: किती लॉट घ्यायचे याचा हिशोब, पुढचा टप्पा

मागच्या टप्प्यात मी जोखमीची मर्यादा ठरवून घेतली होती: एका स्प्रेडमुळे, म्हणजे एक पुट विकून त्याच शेअरचा खालच्या स्ट्राइकचा पुट घेण्याच्या सौद्यामुळे, खात्याच्या २ टक्क्यांहून अधिक नुकसान कोणत्याही परिस्थितीत होऊ नये. खाते १,००,००० चे धरले, तर ही मर्यादा २,००० होते. ती मोडणार नाही अशा बेताने लॉटची संख्या काढणे, हे या टप्प्याचे काम होते.

उदाहरणासाठी शेअरचा भाव १०४ आणि लॉट १०० शेअरचा धरू. १०० स्ट्राइकचा पुट, म्हणजे शेअर १०० ला विकण्याचा हक्क, ३.१० ला विकला आणि ९५ स्ट्राइकचा पुट १.७० ला घेतला, तर हाती १.४० प्रीमियम येतो. एक्सपायरीला, म्हणजे कराराची मुदत संपताना, भाव ९५ किंवा त्याखाली गेला, तर दोन स्ट्राइकमधले ५ चे अंतर पूर्ण भरून द्यावे लागते. त्यामुळे निव्वळ नुकसान ३.६०, म्हणजे लॉटमागे ३६०. चारही व्यवहारांचा खर्च ४ धरला, की ३६४. २,००० ला ३६४ ने भागल्यावर ५.४९ येते आणि लॉट पाचच घ्यायचे. हा आकडा वरच्या पूर्णांकात न्यायचा नसतो. भागाकारात स्टॉपलॉसचा आकडाही वापरू नये, कारण भाव रात्रीतून गॅप देऊन खाली उघडला, तर स्टॉपलॉस ठरल्या किमतीला लागत नाही; अशा वेळी नुकसान अडवतो तो विकत घेतलेला पुटच.

हीच मर्यादा ठेवून रुंद स्प्रेडही तपासला. ९० चा पुट ०.९० ला मिळत असेल, तर प्रीमियम २.२० आणि खर्चासह कमाल नुकसान लॉटमागे ७८४, म्हणजे दोनच लॉट बसतात. पाच अरुंद लॉटमधून ७०० प्रीमियम मिळतो आणि दोन रुंद लॉटमधून ४४०, त्यामुळे अरुंद स्प्रेड पहिल्या नजरेला सरस वाटतो. मात्र एक्सपायरीला भाव ९५ वर आला, तर खर्च सोडून अरुंद स्प्रेडचे १,८०० म्हणजे संपूर्ण कमाल नुकसान होऊन गेलेले असते, तर रुंद स्प्रेडचे ५६० झालेले असते आणि त्याच्या कमाल नुकसानासाठी भाव ९० पर्यंत उतरावा लागतो. मर्यादेच्या आत दोन्ही बसतात, पण तिच्या काठापर्यंत पोहोचण्याची शक्यता अरुंद स्प्रेडमध्ये बरीच अधिक असते. माझ्या मते उरलेली मर्यादा वापरायची म्हणून अरुंद स्प्रेडकडे वळणे योग्य नाही. ती तशीच शिल्लक राहू द्यावी.

खरा विचार करावा लागला तो सौदा फायद्यात आल्यानंतर. समजा, काही आठवड्यांनी पाच लॉटचा तोच अरुंद स्प्रेड ०.३० ला परत घेता येतो आहे. खात्यात ५५० चा नफा दिसतो, परंतु आजच्या शिलकीपासून मोजले, तर भाव कोसळल्यास स्प्रेड ०.३० वरून ५ वर जाईल आणि खाते २,३५० ने घटेल. नफा वाढला तशी पुढची जोखीमही वाढली, आणि मिळवायचे मात्र १५० उरले. नव्या शिलकीच्या २ टक्के म्हणजे साधारण २,०११. या हिशोबाने चारच लॉट बसतात. म्हणून नोंदवहीत मी आता ‘आजपासूनचे कमाल नुकसान’ असा स्तंभ ठेवला आहे: दोन स्ट्राइकमधल्या अंतरातून स्प्रेडची आजची किंमत वजा करायची आणि उरलेला आकडा एकूण शेअरसंख्येने गुणायचा. तो मर्यादेबाहेर गेला, की लॉट कमी करायचे. काही जण फक्त सुरुवातीचे कमाल नुकसान मोजतात, तेही सुसंगत आहे. दोन पद्धतींची सरमिसळ मात्र करू नये.

एक अट राहते, आणि ती प्रत्यक्ष शेअर द्या-घ्याव्या लागणाऱ्या ऑप्शन्सनाच लागू आहे. कमाल नुकसान ठरलेले असते ते दोन्ही लेग, म्हणजे विकलेला आणि विकत घेतलेला पुट, जिवंत असेपर्यंतच. एक्सपायरीला भाव ९७ वर बंद झाला, तर ९५ चा पुट निरुपयोगी होऊन संपतो, विकलेल्या पुटमुळे ५०० शेअर १०० च्या भावाने गळ्यात पडतात आणि पुढच्या सत्रापर्यंत त्यांना कसलेही संरक्षण नसते. बाजार ९० ला उघडला, तर शेअरवर ५,००० तोटा. प्रीमियमचे ७०० वजा केले तरी ४,३०० राहतो, म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून अधिक. रोखीने मिटणाऱ्या करारांत हा प्रश्न येत नाही. इतर करारांसाठी मी नियम केला आहे, की शेवटच्या दिवशी भाव दोन स्ट्राइकच्या मध्ये किंवा वरच्या स्ट्राइकजवळ रेंगाळत असेल, तर किंमत कशीही असो, बाजार बंद होण्यापूर्वी दोन्ही लेग एकाच ऑर्डरने मिटवायचे. एकेक लेग मिटवताना विकत घेतलेला पुट आधी विकला गेला, तर तेवढ्या वेळात उघडा पुट विकून बसल्यासारखेच होते.

पुढच्या टप्प्यात एकाच दिशेने हलणाऱ्या दोन शेअरमधले स्प्रेड घेणार आहे. त्यांचे कमाल नुकसान एकाच दिवशी होऊ शकते असे धरून दोन्हींची बेरीज याच २ टक्क्यांत बसवायची आहे.